तुळशीच्या लग्नातली कानपिळी

विजयमालाबाईंची स्कूटी दिसली की काटेवाडीतली माणसं घरात शिरायची. बाईंशी कुणाचं वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते त्यांच्या पिशवीतल्या पावतीपुस्तकाशी. दुधाचा धंदा करणारे आबासाहेब तर एकदा चक्क उसात जाऊन बसले होते. बाईंनी पांढरी टोपी पाहिली, पण माणसाची लाज राखावी म्हणून स्कूटी तशीच पुढं नेली. घरी येऊन मात्र त्या रडल्या. सणसरच्या शेजारच्याच गावात माणसांनी आपल्याला पाहून लपावं, हे त्यांना फार लागलं होतं.

पावती फाडायची ती ‘ओंजळ’साठी. ज्या लेकरांचे हातपाय ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी बाईंनी सणसरला दोन खोल्यांत चालवलेलं छोटंसं केंद्र. बारामतीची राजेश्वरी तिथं मुलांकडून व्यायाम करून घ्यायची. वाड्यावस्त्यांवरून मुलांना आणणाऱ्या गाडीवाल्यानं मात्र दिवाळीनंतर धंदा बंद करतो म्हणून सांगितलं होतं. गाडी नाही तर मुलं नाहीत, आणि मुलं नाहीत तर दोन रिकाम्या खोल्या.

गोजरबाईचा नातू मल्हार सहा वर्षांचा. त्याची मूठ वळली की उघडायची नाही. राजेश्वरी वर्षभर त्याच्या हातात ठोकळा द्यायची आणि म्हणायची, “सोड.” एवढंच शिकवणं. कधीमधी एखादं बोट हलायचं. “व्यायामात खंड पडला तर हात पुन्हा आखडेल,” असं तिनं बजावलं होतं. गोजरबाईला आता त्याला कडेवर घेऊन दोन कोस चालणं झेपत नव्हतं.

“ह्या वेळी पावतीपुस्तक न्हाय,” बाईंनी जाहीर केलं. “लोक हसत येतील असं कायतरी करू.”

राजेश्वरीकडं कल्पनांची कमी नव्हती. “काकू, मॅरेथॉन घेऊ. प्रवेश फी ठेवायची.”

“शेतात दिवसभर पळून झाल्यावर वर फी भरून कोण पळंल?” बाईंचे यजमान आप्पासाहेब सुपारी कातरत म्हणाले.

“मग गाण्यांची मैफल? तिकीट लावून?”

“गायक पैसे घिऊन जाईल, आन् तिकिटं पाव्हण्यांना फुकट द्यावी लागतील.”

“हुरडा पार्टी?”

“हुरडा यायला अजून दोन महिनं हायेत. गाडी तवर थांबंल व्हय?”

बाई ऐकत होत्या. आपली माणसं न मागता, आनंदानं, खिशात पाकीट घालून कुठं जातात? लग्नाला! आणि दिवाळीनंतर लग्न कुणाचं असतं? तुळशीचं!

ठरलं. साग्रसंगीत लग्न. नवरी ओंजळच्या अंगणातली तुळस, मुलीकडचे सणसरकर. नवरा बाळकृष्ण, मुलाकडचे काटेवाडीकर. मुद्दाम दोन पक्ष केले, कारण वरपक्ष म्हटलं की माणूस मागं हटत नाही. वरपिता होण्याचा मान आबासाहेबांना दिला. पावतीपुस्तक नाही म्हटल्यावर ते उसातून बाहेर आले आणि फेटा बांधायला तयार झाले. मांडवाला ऊस आप्पासाहेबांचा, स्वयंपाक बायकांचा, मंडपवाल्यानं खुर्च्या फुकट दिल्या. संस्थेची दमडी खर्च होऊ द्यायची नाही, हा बाईंचा हट्ट होता.

पत्रिका बाईंनी पाच वेळा तपासली. आपल्याकडं पत्रिकेत चुलत्याचं नाव राहिलं तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. नावं सगळी बरोबर होती.

लग्नाच्या संध्याकाळी मांडव फुलून गेला. काटेवाडीकर बँड लावून आले. ज्या बायका दार लावून घ्यायच्या, त्या बाईंच्या गळ्यात पडल्या. “विजयमाला, असलं लगीन बघितलं न्हाय गं!” बाई नुसत्या तरंगत होत्या. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या.

आहेराच्या टेबलापाशी राजेश्वरी पितळी घागर घेऊन बसली होती. ती घाबऱ्या घाबऱ्या आत आली. “काकू, घागरीत काहीच नाही. लोक नुसता नमस्कार करून जेवायला जातायत.”

आप्पासाहेबांनी खिशातली पत्रिका काढली, चष्मा लावला आणि अगदी खालची ओळ वाचली. “कृपया आहेर आणू नये. आपली उपस्थिती हाच आहेर.”

बाईंना आता आठवलं. छापखान्यातून फोन आला होता, ‘खालची ओळ नेहमीचीच ना?’ आणि त्या ‘व्हय, नेहमीचीच’ म्हणाल्या होत्या. लेकीच्या लग्नात हीच ओळ त्यांनी मोठ्या अभिमानानं छापली होती.

“माईकवर सांगू या ना,” राजेश्वरी म्हणाली. “चूक झाली म्हणून.”

बाईंनी माईक हातात घेतलासुद्धा. समोर पंगत बसली होती. आबासाहेब लापशी वाढायला ओरडत होते. सगळे बाईंकडं बघून हसले. आता मागितलं की हीच तोंडं पुन्हा खाली जाणार. “सावकाश जेवा,” एवढंच त्या म्हणाल्या आणि माईक ठेवून दिला. कोपऱ्यात मल्हारला मांडीवर घेऊन गोजरबाई बसली होती. तिच्याकडं बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

जेवणं उरकली तसा गोजरबाईचाच आवाज आला.

“अवं, कानपिळी ऱ्हायली की! नवरीच्या भावानं कान पिळल्याबिगर नवरा कसा सोडायचा?”

“आता कुठली कानपिळी,” बाई पुटपुटल्या.

“आहेर नगं म्हनलंय,” गोजरबाई ठसक्यात म्हणाली. “कानपिळी नगं असं कुटं छापलंय?”

मांडव हसला. नवरीचे भाऊ म्हणजे ओंजळची मुलं. गोजरबाईनं मल्हारला उचलून पाटाजवळ आणलं. बाळकृष्ण बोटभर, त्याचा कान सापडायचा कसा? “मग बापाचा पिळा!” म्हणत आबासाहेबांनी फेटा वर सरकवला आणि गुडघ्यावर बसून कान पुढं केला.

मल्हारनं कान धरला. मूठ वळली. वळली ती वळलीच.

“आरं आरं! सोड की बाळा!” आबासाहेब कळवळले. लोकांना हसू आवरेना. राजेश्वरी पुढं धावली, त्याचं मनगट हलकेच खाली वळवायला. म्हणजे बोटं सैल पडतात. पण “भेट कबूल केल्याबिगर कान सुटत न्हाय,” म्हणत गोजरबाईनं तिला थांबवलं.

“बरं बाबा, काय पायजे कानपिळीला? घड्याळ? सायकल?” आबासाहेबांनी विचारलं.

मल्हारला बोलायला वेळ लागायचा. ओठ जुळवत, मान ताणत तो म्हणाला, “गा... डी.”

गाडी कसली, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच गाडीच्या पावत्या चुकवत तर ते हिंडत होते.

आबासाहेबांचा कान लाल झाला होता. आता डोळेही झाले. “दुधाची व्हॅन माझ्या दारात नुसती उभी हाय,” ते हळू म्हणाले. “दूध आता टेंपोनं जातंय. संस्थेच्या नावावर करून देतो. आता तरी सोडशील का?”

राजेश्वरी खाली वाकली. “मल्हार, सोड.”

एक बोट हललं. मग दुसरं. मनगटाला कुणी हात लावला नव्हता. मूठ आपसूक उघडली आणि आबासाहेबांचा कान सुटला. राजेश्वरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वर्षभर ज्यासाठी ती झटत होती, ते तिच्यासमोर भर मांडवात झालं होतं.

मग वरपक्षानं रांगच लावली. कुणी व्हॅनच्या दुरुस्तीचं बोललं, कुणी डिझेलचं, कुणी ड्रायव्हरच्या पगाराचं. प्रत्येकानं आधी एकेका मुलापुढं कान केला. मुलीकडच्यांनीही मागं राहायचं नाही म्हणून कान पुढं केले. आप्पासाहेबांचा तर दोन्ही बाजूंनी पिळला गेला.

आबासाहेब कान चोळत बाईंसमोर आले.

“वैनी, ते पुस्तक कुटं हाय?”

“कसलं?”

“पावतीचं. आना की. ह्या वक्ताला उसात न्हाय जाणार मी.”

म्हणजे आपण टोपी पाहिली होती, हे त्यांनाही ठाऊक होतं! बाईंना हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही. हसता हसताच त्या पिशवी शोधायला आत गेल्या.