जुन्या ऑर्डरला नवी तारीख

"साहेब, जुन्या ऑर्डरी तुम्हीच रद्द करायला लावल्यात!" दौंडच्या पंप वितरकाकडे ऑर्डरी सांभाळणारी नीलम कंपनीच्या साहेबाला फोनवर सुनावत होती. रखडलेल्या ऑर्डरी महिनाअखेरीला रद्द करायच्या, एक तारखेला नव्यानं टाकायच्या, असा त्याचा हुकूम. तिनं मुकाट पाळला. रद्द झालेल्या ऑर्डरी मोजणीतून गळाल्या, रिपोर्टात जुनं काही उरलं नाही, फिल रेट, म्हणजे वेळेत पुरवलेल्या ऑर्डरींचा टक्का, चढला. पण माल ऑर्डरवरच्या तारखेच्या क्रमानंच वाटला जातो. आज थोडे पंप आले, आणि सगळ्यांत आधी मागणी दिलेला, पण ऑर्डरवर आता एक तारीख पडलेला कासुर्डीचा दुकानदार म्हस्कू रिकाम्या हाती समोर बसला होता.

"ताई, मागनं आलेले दुकानदार पंप घिऊन गेले. माझं गिऱ्हाईक आता थांबत न्हाई. माझा नंबर कुठं गेला?"

नीलमनं दमून फोन स्पीकरवर टाकला. "बोला साहेब, यांचा नंबर कुठं गेला?"