उठवायचं राहिलं

शिंप्याची बायको गेल्याचं नर्सला दुपारी त्याच्याच फोनवरून कळलं.

फ्लूच्या साथीत फोन करणाऱ्याला दवाखान्यात बोलवायचं की घरीच थांबवायचं, हे नर्स ठरवायची. समोर प्रश्नांचा कागद असायचा. धाप लागते का? छातीत दुखतं का? ताप उतरून पुन्हा चढला का? शेवटचा प्रश्न होता, हाक मारल्यावर पेशंट नीट जागा होतो का? एकालाही धोक्याचं उत्तर आलं, की लगेच बोलवायचं.

परवा शिंप्याने पहिल्या सगळ्या प्रश्नांना 'नाही' म्हटलं होतं.

"वहिनींकडे द्या बघू फोन."

"झोपलीय हो सिस्टर. आता उठवलं, तर आधी मलाच दवाखान्यात आणावं लागेल!"

दोघंही हसली. झोपलेल्या बाईबद्दल शेवटचा प्रश्न काय विचारायचा, म्हणून तिने तो सोडून दिला. "घरीच आराम करू द्या. पाणी पाजत राहा. धाप लागली तर लगेच आणा," एवढं सांगून ती मोकळी झाली.

"परवा सकाळपासून झोपूनच होती," आज तो म्हणाला. "मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा विश्रांती घेतेय. संध्याकाळी हलवलं, तर डोळेच उघडेना. चूक माझीच, सिस्टर. तुम्ही तर सगळं विचारलं होतं."

नर्सने त्याचा फोन ठेवला. दुसऱ्या लाईनवर खोकणारं कुणीतरी थांबलं होतं. तिने त्याला सगळे प्रश्न विचारले, शेवटचा दोनदा.

शिंप्याला मात्र तिने अजून खरं सांगितलेलं नाही.