न झालेल्या सत्काराची बातमी

लालबागच्या एका जुन्या शाळेत आकांक्षा राऊळ दहावीला मराठी शिकवते. पूर्वपरीक्षा तोंडावर आली आणि पोरांच्या बातमीलेखनाने तिचं डोकं उठलं. प्रश्न तसा सोपा. शीर्षक दिलेलं, खाली चार मुद्दे दिलेले, त्यावरून बातमी तयार करायची. पण काय लिहायची पोरं! एकाने बातमीच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहून सही ठोकली होती. मनवा नावाच्या मुलीने 'मला खूप मजा आली' असं लिहिलं होतं. बातमीत 'मी' येत नाही हे वर्षभर घसा कोरडा करून सांगितलेलं, सगळं पाण्यात!

म्हणून तिने स्वतःच नमुना उत्तर लिहायला घेतलं. शीर्षक होतं, 'माजी विद्यार्थ्यांनी केला गुरूंचा सत्कार'. मुद्दे होते मेळाव्याचं ठिकाण आणि वेळ, निवृत्त शिक्षिकेचा सत्कार, शिक्षिकेचं मनोगत, आभार. वर 'आमच्या वार्ताहराकडून', स्थळ आणि तारीख. पहिल्या दोन ओळींत कोण, काय, कुठे, केव्हा, आणि तपशील त्याखाली. सगळं घडून गेल्यासारखं, भूतकाळात.

आता मुद्द्यांत शिक्षिकेचं नाव नव्हतं. अशा वेळी शहाणा माणूस 'श्रीमती अ. ब. क.' लिहून मोकळा होतो. पण आकांक्षाला वाटलं, ही कसली बातमी, जिच्यात माणसाला नाव नाही? तिने नाव घातलं यशोदा तळपदे. ह्याच शाळेत तिला मराठी शिकवलेल्या बाई, निवृत्त होऊन आता चौदा वर्षं झालेल्या. मग शाळेचंही खरं नाव घातलं, गेल्या रविवारची तारीख घातली, आणि पोरांना पेपरातल्यासारखं वाटावं म्हणून कॉम्प्युटरवर दोन कॉलमांत टाईप केलं. सगळ्यात वर ठळक अक्षरांत 'प्रश्न पाचवा, नमुना उत्तर'. त्याचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि निवांत भाजी निवडायला बसली.

कुणातरी उत्साही पालकाने ती वरची ओळ कापून फोटो पुढे पाठवला. झालं! शाळेतून बाहेर पडलेली माणसं कुठे कुठे पसरलेली, त्या सगळ्यांच्या मोबाईलवर दोन दिवसांत ती बातमी पोचली.

तिसऱ्या दिवशी रमाकांत पेडणेकर शाळेत येऊन थडकले. अठ्ठ्याऐंशी सालची बॅच, जवळच मसाल्याचं दुकान. मुख्याध्यापक हितेंद्र सरांच्या टेबलावर त्यांनी मोबाईल आपटायचाच बाकी ठेवला होता.

"सर, दुकान इथनं चार पावलांवर माझं. बाईंचा सत्कार करता आणि आम्हाला साधा मेसेज नाय? आम्ही काय मेलो होतो?"

"अहो, मेळावा झालाच नाही!"

"आता झालाच नाय म्हणता? वा! हे बघा, 'मोठ्या संख्येने माजी विद्यार्थी उपस्थित होते.' कोण होते ते मोठ्या संख्येने? नावं द्या!"

ते गेले तोच ब्याण्णवच्या बॅचचा फोन. मग दोन हजार तीनचा. सगळ्यांची तक्रार एकच, आम्हाला का डावललं? हितेंद्र सरांनी आकांक्षाला बोलावून घेतलं. सर कधी ओरडत नाहीत, पण त्यांचा एक कान लाल होतो. आज दोन्ही झाले होते.

"खुलासा करा, मॅडम. सगळ्या ग्रुपवर, आजच्या आज."

"सर, आधी बाईंना भेटून माफी मागते. त्यांना खुलासा वाचून कळायला नको."

"जा. पण संध्याकाळपर्यंत खुलासा गेला पाहिजे."

तळपदे बाई गिरगावात एकट्या राहतात. अर्धा किलो चिवडा घेऊन आकांक्षा निघाली खरी, पण वाटभर एकच विचार. काय तोंडाने सांगायचं? बाई, तुमचा सत्कार झाला असं सगळ्या जगाला वाटतंय, पण तो पाच मार्कांचा होता? आणि वर आपण त्यांच्याच खुर्चीवर बसून सहा वर्षं शिकवतोय, पण एकदासुद्धा त्यांच्या दारात गेलो नाही. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दार बाईंनीच उघडलं. कानाला मोबाईल होता.

"हो रे गौतम, छान झालं सगळं. तू नाशिकला, तुला कसं जमणार? अरे रागावेन कशाला!" हाताने आकांक्षाला बस म्हणून खूण करत त्या हसत होत्या. चेहरा नुसता फुललेला.

आकांक्षाला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. फोन संपताच तिने एका दमात सगळं ओकून टाकलं. नमुना उत्तर, कापलेली ओळ, पेडणेकर, खुलासा. शेवटी डोळ्यांत पाणीच आलं.

बाई शांतपणे उठल्या आणि टेबलावरचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिचीच बातमी, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेली. लाल पेनाने तपासलेली. खाली गोल करून साडेतीन.

"बाई! तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, तेहेतीस वर्षं पेपर काढले मी. खरा समारंभ कधी असा मुद्द्यांप्रमाणे होतो का? पाहुणा उशिरा येतो, माईक बंद पडतो. इथे सगळं ओळीने झालं, तेव्हाच म्हटलं, ही कुणीतरी मास्तरीण आहे. आणि माझा सत्कार असता तर मला कुणी न्यायला नसतं आलं?"

"साडेतीनच दिलेत?"

"नुसती तारीख म्हणजे 'केव्हा' नव्हे. वेळ कुठाय? अर्धा गेला. आणि हे काय? 'विद्यार्थी हीच माझी खरी संपत्ती आहे, असे उद्गार त्यांनी काढले.' मी? असले उद्गार? एक मार्क कापला तो ह्याचा."

"मनोगताचा मुद्दा होता, बाई."

"माझं मनोगत हवंय? मग लिही. मेल्यांनो, चौदा वर्षांत एकाने फोन केला नाहीत!"

बोलून बाई खो खो हसल्या. आकांक्षाने मान खाली घातली.

"रडू नकोस. तीन दिवसांत एकतीस फोन आले. सगळे ओशाळलेले, यायला जमलं नाही म्हणून माफी मागणारे. सत्कार झाला असं मी कुणाला म्हटलं नाही. छान झालं, एवढंच म्हटलं. चल, खुलासा लिही. माझ्यासमोर लिही, म्हणजे त्यात तरी चुका नकोत."

बाईंनी सांगितलं, आकांक्षाने मोबाईलवर लिहिलं. 'सदर मजकूर हे परीक्षेच्या तयारीसाठी दिलेले नमुना उत्तर असून असा कोणताही समारंभ झालेला नाही. गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत.' दोन वाक्यं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

"पाठवू, बाई?"

बाईंनी आपला मोबाईल उचलून पाहिला, पदराने पुसला, परत ठेवला.

"धनेशचा फोन यायचाय अजून," त्या म्हणाल्या. "त्याला अडीच वर्षं मी घरी बसवून शिकवलं होतं. त्याचा आला की पाठव."

"कधी करणार म्हणालेत ते?"

"तो कुठे काय म्हणालाय?"

आकांक्षाच्या हातातला मोबाईल थरथरला. हितेंद्र सर. तिने तो तसाच पर्समध्ये ढकलून चेन लावली.

"चहा ठेवते, बाई," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघर कुठे आहे ते विचारलं.