सादळलेल्या वेफर्सची कबुली

तिसऱ्या दुकानदाराचाही फोन आला, तेव्हा धाकटीने सगळं काम थांबवलं. तक्रार तीच होती: वेफर्स सादळलेत, खवट वास येतोय. पाकिटांवरचा बॅच नंबरही तोच, सत्तेचाळीस.

दोघी जावांचा हा वेफर्सचा कारखाना. तळण आणि पॅकिंग थोरलीकडे, दुकानदार आणि फोनवरच्या पोस्ट धाकटीकडे. थोरलीने प्रत्येक बॅचची राखून ठेवलेली नमुन्याची पाकिटं काढली आणि बादलीतल्या पाण्यात एकेक दाबून धरलं. सत्तेचाळीसच्या शिवणीतून बुडबुडे निघाले. आधीच्या आणि नंतरच्या पाकिटांतून एकही नाही.

थोरली स्टुलावर बसली. त्या दिवशी सीलिंग मशीनची पट्टी तिनेच बदलली होती, आणि घाईत सील तपासायचं राहून गेलं होतं.

आधी सगळ्या दुकानांतून तो माल खाली उतरवायला सांगून झालं. मग धाकटी पोस्ट लिहायला बसली. ‘काही तांत्रिक कारणामुळे’ एवढं लिहिलं, तोच थोरली खांद्यावरून वाकली.

“तांत्रिक कारण म्हणजे मीच ना?”

“ताई, तुमच्यावर कशाला घ्यायचं? लोक काय वाट्टेल ते बोलतील.”

“बोलू देत. आपण चुकलो ते सरळ लिही. आणि पाकीट कसं ओळखायचं, ते सगळ्यात वर घाल.”

धाकटीला तिला पाठीशी घालायचं होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या करपलेल्या भाज्या थोरलीनेच स्वतःच्या नावावर घेतल्या होत्या. पण थोरली हटेना. शेवटी पोस्ट अशी गेली:

‘बॅच ४७, पॅकिंग १२ तारखेचं, २०० ग्रॅम: हे पाकीट खाऊ नका. सील नीट बसलं नव्हतं, त्यामुळे हवा शिरून माल खराब झाला. सील तपासायला आम्ही चुकलो. माफ करा. पाकीट उघडलेलं असलं तरी दुकानात परत द्या, पैसे मिळतील, बिल नको. बाकी बॅच तपासल्या आहेत, त्या ठीक आहेत. खाल्ल्यावर त्रास झाला असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि आम्हालाही कळवा.’

खाली कारखान्याचा नंबर. हीच सूचना छापून दुकानादुकानांत लावली.

दिवसभर फोन थोरलीनेच घेतले. काहींनी झाडलं, काहींनी बॅच नंबर बरोबर वाचला ना, एवढंच विचारलं. संध्याकाळी एका आजींचा फोन आला. त्रास काही झाला नव्हता, एक घास खाऊन त्यांनी पाकीट बाजूला ठेवलं होतं. पण पाकीट उघडं टाकलं असेल असं समजून त्यांनी आजोबांना फैलावर घेतलं होतं, आणि तीन दिवस घरात अबोला होता.

थोरलीने फोन स्पीकरवर टाकून आजोबांना बोलावलं. “आजोबा, चूक माझी होती. बोलणी मात्र तुम्हाला बसली. माफ करा.”

पलीकडून आजोबा हळूच म्हणाले, “पोरी, तुझी ती सूचना मला जरा मोठ्या अक्षरांत छापून दे. फ्रिजवर लावतो.”

मागून आजींचं हसू ऐकू आलं. दिवसभरात पहिल्यांदाच थोरली हसली, आणि धाकटीने प्रिंटरमध्ये कागद घातला.