क्लोन म्हटलं की ओल्ड बूटलोडर

अनंत चतुर्दशीच्या दुपारी परदेशीपुऱ्यातल्या बंद गिरणीच्या आवारात गजेंद्र पाण्यात उभा होता आणि त्याची सोंड काही केल्या वर जात नव्हती. पाणी म्हणजे निळं सॅटिन. हत्ती बांबूचा आणि कागदाच्या लगद्याचा, सोंडेत गाडीच्या वायपरची मोटर. तशीच दुसरी मोटर मगरीच्या जबड्यात. सोंडेने कमळ उचललं की मगरीचा जबडा मिटायचा आणि वरून गरुडावर बसलेला विष्णू खाली उतरायचा, असा सगळा बेत. इंदूरच्या गिरण्यांना टाळं लागून जमाना झाला, तरी गिरणी कामगारांच्या झांक्या, म्हणजे ट्रॉलीवरचे हलते देखावे, अजून निघतात. संध्याकाळी नंबराने रांगेला लागतात आणि रात्रभर शहरातून फिरतात. ज्या कमिटीची झांकी हलत नाही, तिला लोक पुढची झांकी येईपर्यंत चघळतात.

ही झांकी हलवायचं काम वर्षानुवर्षं शरद टोकेकरांचं. ते गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. पितळी पट्ट्या ठोकलेला एक फिरता ड्रम त्यांनी बनवला होता. पट्टी टेकली की मोटर चालू, सरकली की बंद. यंदा गुडघ्यांनी हात टेकले आणि काम मुलीकडे आलं. संहिता इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिने ड्रम उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी काडेपेटीहून लहान असा आर्डुइनो नॅनो बोर्ड बसवला. तोही असली नव्हे, त्याची स्वस्त नक्कल, जिला सगळे क्लोन म्हणतात. कमिटीचे अध्यक्ष उदयसिंह यांना हे मुळीच पटलं नव्हतं. "शरदजी की बेटी है, इसलिए हाँ बोल रहा हूँ," ते म्हणाले होते. "एक साल देखेंगे."

म्हणजे परीक्षा होती, आणि ती आज होती. सकाळी जनरेटर जोडताना घाईत बारा व्होल्टची वायर भलत्या पिनला लागली, एक बारीकसा धूर निघाला आणि बोर्ड गेला. संहिताचा धाकटा भाऊ मुकुल, ज्याचं स्नेहलतागंजात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तो स्कूटरवर जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन दुसरा क्लोन घेऊन आला. प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये तयारच होता. तो नव्या बोर्डात उतरवायचा, एवढंच उरलं होतं. पण एवढंच म्हटलं की काम अडतं, हा तर नियमच आहे.

पहिल्यांदा बोर्डावरचा लाल दिवा लागला, पण लॅपटॉपच्या यादीत पोर्टच दिसेना. संहिताने केबल ओढून काढली. कुणाच्या तरी चार्जरची होती. तिच्यातून नुसता करंट जातो, डेटाच्या तारा आत नसतातच. मुकुलने दुसरी केबल दिली आणि पोर्ट दिसलं. तिने अपलोड दाबलं. बोर्डावरचा छोटा दिवा चमकला, आणि मग पडद्यावर लाल अक्षरं उतरू लागली. नॉट इन सिंक. पहिला प्रयत्न, दुसरा, तिसरा, असे दहा. लॅपटॉप हाक मारत होता आणि बोर्डाकडून येणारं उत्तर त्याला लागत नव्हतं.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. बोर्ड झांकीतून सोडवून मोकळा हातात घेतला, म्हणजे लॅपटॉप ज्यांतून बोर्डाशी बोलतो त्या शून्य आणि एक नंबरच्या पिनांना काही लागलेलं असलं तर तेही सुटेल. तेच. लॅपटॉपमधला ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. तेच. मागे वीस-पंचवीस माणसं कोंडाळं करून उभी होती, आणि प्रत्येक लाल ओळीबरोबर कुणीतरी जीभ टाळूला लावून च्यक करत होतं. तिच्या कानामागून घाम ओघळत होता.

"क्या हुआ बेटा?" उदयसिंह म्हणाले. "ट्रॅक्टरवाला आ गया है. अपना नंबर निकल गया तो सबसे पीछे लगना पड़ेगा."

"बस दोन मिनट, अंकलजी."

ही दोन मिनटं ती तासाभरापासून मागत होती. शरदराव प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मुलीच्या पाठीकडे बघत होते. ती नजर तिला टोचत होती.

"ताई," मुकुल हळूच म्हणाला, "एकदा सेटिंग वगैरे बघून घे ना."

आता माणूस बुडायला लागला की हाताशी येईल त्याला धरतो. संहिताच्या हाताशी मुकुल आला.

"सेटिंग मला शिकवू नकोस. मी मुलांना शिकवते. बोर्डच डब्बा आहे. तुझं नेहमीचंच आहे रे, स्वस्तातला डुप्लिकेट माल उचलायचा आणि चालेल म्हणायचं. इंजिनिअरिंग अर्धं सोडलंस, तसंच हे पण. एक काम धड नाही."

ती हे मोठ्याने बोलली. मराठी न कळणाऱ्यांनाही कळलं. मुकुलने तिच्या हातातून बोर्ड घेतला, शर्टाच्या खिशात टाकला आणि बदलून आणतो म्हणून निघाला.

"आता?" शरदराव म्हणाले. "जेल रोड बंद करतील की. झांक्या तिथूनच जातात."

पण स्कूटर फाटकाबाहेर पडली होती.

संहिताने मग कॉलेजातल्या शमिकाला फोन लावला. शमिका तिच्याच लॅबमध्ये शिकवायची आणि अशा भानगडी तिनेही ढीगभर पाहिल्या होत्या. संहिताने सगळं एका दमात सांगितलं.

"रिसेट दाबल्यावर एल लिहिलेला दिवा चमकतो?" शमिकाने विचारलं.

"चमकतो ना. अपलोड दाबलं तेव्हा पण चमकला."

"मग बोर्ड मेलेला नाहीये यार. बूटलोडर उठतोय, त्याला तुझं बोलणं कळत नाहीये. प्रोसेसर काय सिलेक्ट केलाय?"

"ओल्ड बूटलोडर. ऑब्व्हियसली. क्लोन आहे."

आणि बोलता बोलताच ती थांबली. क्लोन म्हटलं की ओल्ड बूटलोडर, हे वाक्य ती दर वर्षी पहिल्याच प्रॅक्टिकलला फळ्यावर लिहायची, कारण कॉलेजने एकदा गठ्ठ्याने घेतलेले सगळे क्लोन तसे होते. जळालेला बोर्डही त्याच गठ्ठ्यातला. बूटलोडर म्हणजे बोर्डात आधीपासून असलेला, नवा प्रोग्रॅम उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम. जुना बूटलोडर सत्तावन्न हजार सहाशेच्या वेगाने बोलतो, नवा बरोबर त्याच्या दुप्पट. आता बाजारात येणाऱ्या कितीतरी क्लोनमध्ये नवा असतो. मुकुलने आणलेला बोर्ड चांगला होता. तीच त्याच्याशी चुकीच्या वेगाने बोलत होती, आणि त्याने सेटिंग बघ म्हटल्यावर तिने काय केलं, ते तर सगळ्यांनी ऐकलं होतं.

तिला स्वतःची इतकी लाज वाटली की फोन तिने न बोलताच ठेवला. यादीत प्रोसेसर बदलायला एक क्लिक लागली. पण ज्याच्यात उतरवायचं, तो बोर्ड मुकुलच्या खिशात होता. तिने त्याला फोन केला. घंटी वाजत राहिली. पुन्हा केला. स्कूटरवर असेल. किंवा रागावला असेल, आणि का रागावू नये.

ट्रॅक्टर ट्रॉलीला जोडला गेला. बाहेर ढोल सुरू झाले. त्यांच्या आधीच्या नंबराची झांकी फाटकासमोरून गेली, तिच्यातला मोर पिसारा उघडत होता आणि मिटत होता. उदयसिंह मोराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चलो, हाथी को ऐसे ही खड़ा ले चलते हैं. लोग समझेंगे समाधि लगी है." कुणी हसलं नाही.

ट्रॅक्टरवाल्याने किल्ली फिरवली तेव्हा मुकुल फाटकातून आत आला. पायी. बंदोबस्तामुळे स्कूटर कुठेतरी लावून तो गर्दीतून धावत आला होता आणि शर्ट अंगाला चिकटला होता. त्याने बोर्ड तिच्या हातात दिला आणि उदयसिंहांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बदल के लाया. पहलेवाला खराब था."

तिने बोर्ड बसवला, केबल लावली, अपलोड दाबलं. बोर्डावरचे दिवे भराभर लुकलुकले, पडद्यावर एकही लाल अक्षर उतरलं नाही, आणि खाली शांतपणे डन अपलोडिंग आलं. हत्तीची सोंड कुरकुरली. मग कमळ घेऊन वर गेली. मगरीचा जबडा मिटला आणि गरुड हळूहळू खाली येऊ लागला. सगळ्या आवारातून गणपती बाप्पाचा गजर झाला.

"मान गए बेटा," उदयसिंहांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगले साल भी तू ही करेगी." मग मुकुलकडे वळून म्हणाले, "और तू भिया, आगे से आँख खोल के खरीदना. आज तो डुबो ही दिया था."

"हो ना अंकल," मुकुल हसला. "गलती हो गई."

संहिता बोर्डाकडे बघत होती. त्याच्या पिनांना दुपारी तिनेच सोल्डरचे टाके मारले होते, आणि कडेच्या पिनेवरचा ओबडधोबड गोळा तिच्याच हातचा होता. टाका लागलेला माल जेल रोडवर कुणी परत घेत नाही.

"मुकुल," ती हलकेच म्हणाली, "हा तोच आहे."

"माहीत आहे." त्याने आवाज आणखी खाली आणला. "दुकानवाल्याने माझ्यासमोर लावून दाखवला. प्रोसेसर बदलला, झटक्यात गेला. तू गप्प राहा ना. यांना कुठे कळतं. तुझं काम जाईल उगीच, आणि मला काय, मला ऐकून घ्यायची सवय आहे."

हे तो कुठलाही राग न ठेवता म्हणाला. रागावला असता तर तिला सोसलं असतं.

ती वळली. "उदयसिंहजी," ती म्हणाली, आणि मघाशी जेवढ्या मोठ्याने बोलली होती तेवढ्याच मोठ्याने म्हणाली, "बोर्ड वही है. पहलेवाला ही है. मुकुल एकदम सही चीज लाया था. सेटिंग मैंने गलत रखी थी, उसने टोका तो उसी को सबके सामने सुना दिया. गलती पूरी मेरी है."

उदयसिंहांचा हात तिच्या डोक्यावरून केव्हाच खाली आला होता. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मुकुलकडे.

"अच्छा," ते म्हणाले. "तो फिर अगले साल का अगले साल देखेंगे." आणि ट्रॅक्टरवाल्याला हात करायला निघून गेले.

"कशाला सांगितलंस?" मुकुल पुटपुटला. त्याला तिच्याकडे बघता येत नव्हतं.

शरदराव खुर्चीतून उठले. गुडघ्यावर हात देत दोघांजवळ आले. झांकी फिरताना हत्तीच्या मागे, बोर्डापाशी, रात्रभर एक माणूस बसवावा लागतो. आजवर तिथे तेच बसत आले होते.

"मागे कोण बसणार?" त्यांनी मुलीला विचारलं.

"मुकुल," संहिता म्हणाली. तिने लॅपटॉप आणि केबल त्याच्या हातात दिली.

मुकुलने बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्याने चपला काढून खुर्चीखाली ठेवल्या आणि तो ट्रॉलीवर चढला.