शेऱ्याचा रकाना

पाणी तपासणीच्या विभागात दर शुक्रवारी आठवड्याचा अहवाल जायचा. फाइल एकच, सगळ्यांनी आपापला भाग त्यात भरायचा आणि पाचच्या आत केमिस्टबाईंनी जुळवून ती मोठ्या साहेबांकडे पाठवायची. टाक्यांवर फिरून पाण्यातलं क्लोरीन जागेवरच मोजणारे एक जण होते, त्यांना सगळे टाकीवाले म्हणत. त्यांच्या भागात आकड्यांशेजारी 'शेरा' असा रकाना होता. तिथं 'ठीक' एवढं लिहिलं तरी भागतं, पण हे गृहस्थ चार-चार ओळी लिहीत. चार नंबरच्या टाकीचा रखवालदार, त्याची मांजर, मांजरीचं आणि त्याच्या डब्याचं वैर, सगळं त्यात यायचं. केमिस्टबाई ते चवीनं वाचत आणि मगच काढून टाकत.

बाई एकट्या राहत. दर शुक्रवारी संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन यायचा. तब्येत, हवा झाली की दोघींकडे बोलायला फारसं काही उरत नसे. मग बाई मांजरीची खबर सांगत, धाकटी खळखळून हसे आणि फोन अर्धा तास चाले. आठवड्यातला तोच काय तो अर्धा तास.

अलीकडे मात्र टाकीवाल्यांच्या लिखाणात चुका फार. टाकीची टाळी, नळाचा नाळ, तेच तेच शब्द, दर आठवड्याला. बाई गुपचूप दुरुस्त करत. एका शुक्रवारी नजर चुकली आणि सोमवारच्या बैठकीत साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "टाळी क्रमांक चार!" सगळे फिदीफिदी हसले. टाकीवालेही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले बाईंनी पाहिले.

माणसाचं पुन्हा हसं होऊ नये म्हणून बाईंनी निरोप लिहायला घेतला. तीनदा खोडला. शेवटी पाठवला तो असा:

"नमस्कार. तुमचे आकडे नेहमीच चोख असतात. काही शब्द मात्र वारंवार चुकतात, त्यांची यादी खाली देते. राग मानू नका. आपलंच लिहिलेलं आपल्याला दिसत नाही, माझंही तसंच होतं. पाठवण्याआधी घरी कुणाकडून तरी एकदा वाचून घेत जा."

पाठवून बाईंना हायसं वाटलं. साखर पेरून लिहिलंय, लागणार नाही.

पण हे सुरू कधी झालं, म्हणून त्यांनी सहज फाइलचा जुना इतिहास उघडला. कोणी, कधी, काय बदललं ते त्यात दिसतं. पूर्वी टाकीवाल्यांच्या नावावर दर गुरुवारी दोन नोंदी असायच्या. संध्याकाळी पहिली, चुकांनी भरलेली. तासाभरानं दुसरी, तिच्यात एकूण एक चूक सुधारलेली. गेल्या वर्षी एका गुरुवारी दुसरी नोंद थांबली ती कायमची. बाईंनी तारीख पाहिली. त्या आधीचे दोन आठवडे ते रजेवर होते. बायको गेली होती त्यांची. बाई स्वतः भेटायला गेल्या होत्या, दहा मिनिटं बसून आल्या होत्या.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. निरोप परत घ्यावा म्हणून त्यांनी फोन उचलला, तर उत्तर येऊन पडलं होतं: "बरं झालं सांगितलंत मॅडम. ती वाचायची. आता काळजी घेईन."

पुढच्या शुक्रवारी अहवाल उघडला. टाकीवाल्यांच्या भागात एक चूक म्हणून नव्हती. आकडे नेटके आणि शेऱ्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द. ठीक. ठीक. ठीक. बाईंनी तो भाग तीनदा वाचला. पाचला अहवाल गेला आणि साहेबांनी सगळ्यांना कळवलं, याला म्हणतात अहवाल.

टाकीवाले जिन्यापाशी नमुन्यांची पेटी खांद्याला लावत होते. बाई धावतच गेल्या.

"अहो, माझं चुकलं. घरी कुणाकडून म्हणून लिहायला नको होतं मी."

"छे हो मॅडम, त्यात काय."

"शेरा लिहा ना पहिल्यासारखा. चुकू दे हवं तेवढं. मी वाचेन आधी."

टाकीवाले हसले, बैठकीत हसले होते तसेच. "नको. तेवढ्याचसाठी कशाला तुम्हाला त्रास? आकडे बरोबर असले की झालं." आणि जिना उतरून गेले.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. तब्येत झाली, हवा झाली.

"बरं, ते सोड ताई. मांजर काय म्हणते?"

"ठीक," त्या म्हणाल्या.

धाकटी पुढचं ऐकायला थांबली होती.