अप्पा पुढे झुकले की

“बोला! कोण बोलतंय? अजून कोण बोलतंय?”

हा आवाज लेकीनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती आईच्या कडेवर होती. भाजीबाजाराच्या लिलावात अप्पा उलट्या टोपलीवर उभे राहायचे आणि असा पुकारा करायचे, की फाटकापाशी चहा पिणाऱ्यांचे पेले ओठांशी थबकायचे. भरल्या विहिरीत घागर पडावी तसा तो आवाज. आधी खोल जायचा, मग भरून वर यायचा. त्यांच्या तोंडून नाव निघालं, की वांग्यालाही आपण कुणीतरी आहोत असं वाटत असेल, असं आई म्हणायची.

तेच अप्पा आता आतल्या खोलीत, खुर्चीत, तोंड मिटून बसले होते.

पावसाळा सरता सरता त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात जरा जड राहिला, पाय सावरले, पण शब्द हरवले. कळायचं सगळं. कुणी आलं, काय म्हणालं, भाजीत मीठ कमी आहे का जास्त, सगळं. पण सांगायला गेलं, की शब्द उंबऱ्यापर्यंत यायचा आणि नव्या नवरीसारखा लाजून मागे वळायचा. डॉक्टर म्हणाले होते, “हे पहिले महिने सोन्याचे. आत्ता जेवढं बोलतील तेवढं पदरात पडेल. नंतर वाट अवघड होत जाते.”

वाचा परत आणणाऱ्या बाई दूरच्या गावी होत्या. त्या रोज सकाळी फोनच्या पडद्यावर यायच्या, चित्रं दाखवायच्या आणि अप्पांच्या तोंडून शब्द निघायची वाट बघत बसायच्या. आईनं त्यांचं नाव ठेवलं होतं ‘बोलक्या बाई’. खरं तर बाई बोलायच्या कमी, थांबायच्याच जास्त. कमळाला उमलायला जेवढा वेळ द्यावा, तेवढा त्या शब्दाला द्यायच्या.

पण त्या थांबण्यालाच दृष्ट लागली.

बाई चित्र दाखवत. अप्पा बघत राहात. मग श्वास घेत, पुढे झुकत, गळ्याच्या शिरा ताठ होत, ओठ वळत आणि आता शब्द निघणार, एवढ्यात बाईंचा चेहरा थिजायचा. एक डोळा अर्धा मिटलेला, ओठ वाकडे. मग पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र. मग काळोख.

“नेटवर्क गेलं, अप्पा,” लेक म्हणायची.

अप्पा मागे टेकायचे. थोड्या वेळानं बाई परत उगवायच्या, “येतंय का ऐकू?” म्हणायच्या. तोवर उंबऱ्यावरची नवरी आत पळालेली असायची. असं कितीतरी दिवस झालं. हळूहळू अप्पांनी पुढे झुकणं सोडलं. मग ओठ हलवणं सोडलं. शेवटी चित्र समोर आलं की ते डोळेच मिटून घ्यायला लागले.

एके दिवशी बाईंनी लेकीला एकटीला फोन केला. “वाईट वाटून घेऊ नका. पण ते प्रयत्नच करत नाहीयेत. ही वेळ मिळावी म्हणून बाकीचे पेशंट वाट बघताहेत. हा आठवडा बघू, नाहीतर मग आपण थांबू.”

लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. केसाएवढा चरा तिच्या नजरेतून सुटत नसे. पण हा चरा कुठे होता तेच दिसेना. इंटरनेटवाला माणूस येऊन गेला. तो त्याच खुर्चीत ऐसपैस रेलून बसला, वेग मोजला आणि “एकदम झकास आहे” म्हणून गेला. दुकानातल्या मैत्रिणीनं सांगितलं, फोनची बॅटरी बचत चालू असेल, तर तो वायफायलाही डुलकी काढू देतो. ती बंद कर. लेकीनं बंद केली, वर चार्जिंगही पूर्ण ठेवलं. तरी बाई येत, थिजत, जात.

आणि आई? आई त्याच खुर्चीत पाय पसरून, मान मागे टाकून मावशीशी तासन्‌तास बोलायची. एकदाही काही तुटायचं नाही! उलट मावशीचं सुनेवरचं पुराण संपेना, तेव्हा आईच म्हणाली, “अगं, नेटवर्क जातंय गं... आवाज तुटतोय तुझा... ठेवते हं!” आणि खटकन ठेवून दिला.

पलंगावरून अप्पा बघत होते. त्यांनी आईकडे असं पाहिलं, की ती खजील झाली. “काय करू मग? जीव खाते ती माझा.”

अप्पांच्या त्या नजरेत आणखी काहीतरी होतं. लेकीला ते दिसलं, पण वाचता आलं नाही.

आठवडा सरत आला, तेव्हा लेकीनं दुकानातून सुट्टी घेतली. एरवी ती अप्पांच्या मागे उभी राहायची. त्या दिवशी टेबलाच्या कडेला, फोनला खेटून बसली. बाईंनी छत्रीचं चित्र दाखवलं. अप्पांनी डोळे मिटले.

“अप्पा,” ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “एकदाच. माझ्यासाठी.”

लेकीचा शब्द कुठला बाप मोडतो? त्यांनी डोळे उघडले. श्वास घेतला. दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि आख्खं अंग फोनवर आणलं, विहिरीत डोकावावं तसं. आणि त्याच क्षणी पडद्याच्या तळाशी एक बारीकशी ओळ चमकून गेली: ‘स्वयंपाकघर’शी जोडले.

बाई थिजल्या.

अप्पा मागे टेकले. जरा वेळानं परत ओळ: ‘घर’शी जोडले.

लेकीनं तोंडावर हात दाबला.

घरात वायफायचे दोन डबे होते. नवा डबा दिवाणखान्यात, टीव्हीमागे; त्याचं नाव ‘घर’. आणि आईला पोळ्या लाटताना मालिका दिसाव्यात, म्हणून जुना डबा ओट्याच्या वरच्या फळीवर. त्याचं नाव ‘स्वयंपाकघर’. तो आपलं वेगळंच जाळं विणायचा. आतली खोली दोघांच्या मध्ये, भिंतींच्या आड. दोन्हींकडून येणारा सिग्नल तिथे पोचेपर्यंत दमलेला.

बाईंना ‘उद्या बोलू’ सांगून लेक स्वतः त्या खुर्चीत बसली. फोनमध्ये दोन्ही नावं उघडून ठेवली. मागे टेकली: ‘घर’च्या रेघा बऱ्या. पुढे झुकली: ‘घर’च्या रेघा घसरल्या आणि ‘स्वयंपाकघर’ वरचढ झालं. तिनं मान वळवली. नवा डबा खुर्चीच्या बरोब्बर पाठीमागे, भिंतीपलीकडे. माणसाचं अंग म्हणजे पाण्याचा घडा. वायफायच्या लाटा त्यात विरून जातात. अप्पा झुकले, की ‘घर’ आणि फोन यांच्यात त्यांचीच छाती आडवी यायची. फोनला वाटायचं, हा सिग्नल मेला, तो दुसरा बरा दिसतोय, आणि तो उडी मारायचा. जाळं बदललं की बोलण्याचा धागा तुटायचा. पुन्हा गाठ मारेपर्यंत शब्द गेलेला. रेलून बसणाऱ्याला काही व्हायचं नाही. जो जिवाच्या आकांतानं पुढे यायचा, त्याचंच तुटायचं.

“अप्पा, इकडे या. बसा. आता झुका... झुका ना!”

अप्पांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. ‘नेटवर्क गेलं’ हे शब्द त्यांनी इतक्यांदा ऐकले होते, की आता ते त्यांना खोट्या नाण्यासारखे वाजत. तरी झुकले. नाव बदललं. मागे झाले. नाव परतलं. परत झुकले, परत मागे. मग आपण होऊन, डोळे बारीक करून, पुन्हा. पाळण्यातल्या पोरानं खुळखुळा हलवून पाहावा तसे ते पुढेमागे होत राहिले.

पोळपाट हातात घेऊन आई दारात आली. “हे काय, झोके कसले घेताय?”

“आई, अप्पांच्या अंगानंच सिग्नल अडत होता!”

“अगं बाई! तरी मिरवायचे ना, छाती म्हणजे किल्ल्याचा दरवाजा म्हणून! झाला की नाही दरवाजा बंद?”

आणि अप्पा हसले. गुठळीनंतर पहिल्यांदा, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईतो हसले. हसायला शब्द लागत नाहीत हे त्या घराला त्या दिवशी नव्यानं कळलं.

मग कामं निघाली. बाईंसाठी वापरायच्या फोनमधून लेकीनं ‘स्वयंपाकघर’ पुसून टाकलं आणि आपोआप जाळं बदलण्याची परवानगीही काढून घेतली. नवा डबा टीव्हीमागून उचलून दिवाणखान्याच्या दारावरच्या फळीवर ठेवला, म्हणजे त्याला आतली खोली मोकळी दिसावी. खुर्ची फिरवली, आता डबा समोर आणि अप्पांची पाठ खिडकीला.

“माझ्या मालिकेला हात लावशील तर बघ,” आई म्हणाली.

“तुझ्या फोनवर ठेवलंय गं. पोळी मात्र करपू देऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. लेकीनं त्यांना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, “म्हणजे ते प्रयत्न करत होते. आणि मी त्यांनाच बोल लावला. अप्पा, माफ करा मला.” आणि त्यांनी छत्रीचं चित्र पुन्हा उचललं.

अप्पांनी लेकीकडे पाहिलं, दारातल्या आईकडे पाहिलं. श्वास घेतला आणि झुकले. कोपरं टेबलावर, गळ्याच्या शिरा ताठ, ओठ वळलेले. आईनं पदराचं टोक मुठीत आवळलं. लेकीची नजर बाईंच्या पापण्यांवर. पापण्या हलत होत्या. हलत राहिल्या. बाई थांबल्या होत्या, आणि थांबूनच राहिल्या होत्या.

“छ...” अप्पा म्हणाले. “छ... त्री.”

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवली तर फुटेल, असं काहीतरी खोलीत होतं. फक्त बाईंचे डोळे चमकले. पण अप्पा मागे टेकले नाहीत. तसेच झुकून पडद्याकडे बघत राहिले, जणू खातरी करून घेत होते.

“तुम्ही... गेला... नाहीत.”

“नाही, अप्पा. आणि आधीही कधी गेले नव्हते.”

मग एकेक शब्द, ओढ्यातून दगड उचलावा तसा:

“गिऱ्हाईक... न बोलता... वळलं. म्हणजे... माल... सडका.” त्यांनी जड हात उचलून स्वतःच्या तोंडाकडे नेला. “वाटलं... हे... सडलं.”

तेव्हा लेकीला, आईनं मावशीचा फोन ठेवला त्या दिवशीची नजर वाचता आली. आयुष्यभर त्यांनी हेच पाहिलं होतं: माल पसंत नसला, की गिऱ्हाईक भांडत नाही, नावं ठेवत नाही, मुकाट पाठ फिरवतं. आणि ‘नेटवर्क गेलं’ हे पाठ फिरवण्याचं सभ्य निमित्त असतं, हे त्यांना घरच्याच माणसानं शिकवलं होतं.

आई दारातून धावत आली आणि खुर्चीशी बसली. “अहो, मग सांगायचं नाही का मला!”

आणि मग तिला स्वतःलाच आपलं बोलणं ऐकू आलं. ती हसायला लागली, लेक हसली, पडद्यात बाई हसल्या. अप्पाही हसले. हसता हसता थांबले. आईच्या हातावर आपला जड हात ठेवला, आणि भरल्या बाजारात ज्यानं कधी आवाज खाली येऊ दिला नव्हता, तो माणूस अगदी हळू म्हणाला,

“भीती... वाटत होती. मला.”